उशिरा निरोप द्या, पण सॉरीने सुरुवात करू नका

आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर मध्यंतरी एक वाद बराच रंगला आणि माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या मुद्द्यावर भांडत होत्या. विषय तसा साधा होता. आस्थापना शाखेतल्या एक मॅडम ३१ मेला रिटायर झाल्या, आमचा एक तरुण सहकारी तेव्हा गावी होता, सेंड-ऑफला नव्हता, आणि ऑगस्टमध्ये त्याने विचारलं की आता मॅडमना मेसेज करू का. अर्धे लोक म्हणाले आता कशाला, अडीच महिने झाले, वेळ निघून गेली, उगाच विचित्र दिसेल. उरलेले म्हणाले अरे कर ना, पण आधी नीट माफी माग, उशीर झाला त्याबद्दल सॉरी म्हण आणि मग लिही. झालं, दोन दिवस हेच चाललं, करायचा की नाही आणि सॉरी किती वेळा म्हणायचं. मला वाटतं मेसेज नक्की करावा, अडीच महिन्यांनीच काय सहा महिन्यांनीही करावा, आणि त्यात सॉरी अजिबात नसावं. पहिल्या गटाचं मला कळू शकतं, पण दुसऱ्या गटाचा सल्ला जास्त नुकसान करतो असं माझं ठाम मत आहे, कारण तो चांगुलपणाच्या नावाखाली दिला जातो आणि म्हणून कोणी तपासून बघत नाही.

आधी हे बघा की लोक निरोप द्यायचे राहतात का. बेफिकिरी म्हणून राहतात असं आपण धरून चालतो आणि तिथूनच ती सॉरी जन्माला येते. सरकारी ऑफिसात काम केलेल्या कुणालाही ३१ मे माहीत आहे. आपल्याकडे एका पिढीच्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना घरी तारीख कुणाला ठाऊक नव्हती आणि गुरुजींनी शाळा सुरू व्हायच्या हिशोबाने १ जून टाकून दिली. नियम असा की ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो, पण जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे हे सगळे १ जूनवाले ३१ मेला एकदम बाहेर पडतात. एकाच दुपारी एकाच हॉलमध्ये चार चार जणांचे सत्कार, शाल श्रीफळ, भाषणं, आणि प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं. त्यात मे महिना, अर्धा स्टाफ मुलांच्या सुट्टीमुळे रजेवर आणि गावी. त्यात बदल्या, कारण २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे मध्येच होतात, म्हणजे उरलेल्यातले काही जण कार्यमुक्त होऊन दुसऱ्या तालुक्यात हजर व्हायच्या गडबडीत. अशा महिन्यात कुणाचा निरोप राहिला तर त्यात नवल काय? ज्या गोष्टीची व्यवस्थाच अशी आहे की निम्म्या लोकांचा निरोप राहणार, ती गोष्ट प्रत्येकाने स्वतःचा गुन्हा म्हणून कबूल का करायची?

खाजगी कंपनीत कारणं वेगळी, पण होतं तेच. शेवटच्या दिवशी दुपारी माणसाचा सगळ्यांना मिळून एक मेल येतो, तुम्ही त्या वेळी कॉलवर असता, संध्याकाळी उत्तर लिहायला बसावं तर त्याचा ऑफिसचा आयडी बंद झालेला असतो आणि मेल परत येतो. पर्सनल नंबर कुणाकडे तरी असतो, तो मागायला संकोच वाटतो, आणि आठवडा जातो. आठवड्याचा महिना होतो. आणि इथे एक गंमत नाही तर फार खरी गोष्ट घडते, की जितके दिवस जातात तितकी मनातली सॉरी मोठी होत जाते, आणि सॉरी जितकी मोठी तितका मेसेज लिहायला जड. म्हणजे माफीची अट हीच बहुतेक वेळा न पाठवण्याचं कारण असते. तिसऱ्या दिवशी दोन ओळी लिहिल्या असत्या, तिसऱ्या महिन्यात माणसाला वाटतं आता सविस्तर खुलासा द्यावा लागेल, आणि खुलासा सुचत नाही म्हणून राहतंच. जे लोक "आधी नीट माफी माग" म्हणतात ते नकळत आणखी काही लोकांना गप्प बसवतात.

आता त्या सहकाऱ्याने पहिल्यांदा जे लिहिलं ते त्याच्या परवानगीने देतोय. "आदरणीय मॅडम, सर्वप्रथम इतक्या उशिरा मेसेज करतोय त्याबद्दल मनापासून माफी मागतो. खरं तर तुमच्या सेंड-ऑफला यायचंच होतं पण गावी घराचं काम निघालं, तिथे नेटवर्क नव्हतं, आल्यावर ऑडिट सुरू झालं, रोज ठरवत होतो आज करू उद्या करू. मला खूप गिल्टी वाटतंय, प्लीज राग मानू नका. तुमची खूप आठवण येते. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा. पुन्हा एकदा सॉरी." मुलगा प्रामाणिक आहे, एक शब्द खोटा नाही. पण हा मेसेज कुणाबद्दल आहे? घराचं काम त्याचं, नेटवर्क त्याचं, ऑडिट त्याचं, गिल्टही त्याचंच. मॅडमबद्दल एकच वाक्य, तुमची खूप आठवण येते, आणि ते इतकं सर्वसाधारण की नाव बदलून कुणालाही पाठवता येईल. तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून घरी गेलेल्या बाईला हा मेसेज वाचून स्वतःबद्दल काय कळलं? तिच्या कामातलं काय कुणाच्या लक्षात राहिलं हे कळलं का? नाही. तिला एवढंच कळलं की एक मुलगा अस्वस्थ आहे आणि त्याला बरं वाटायला हवं.

आणि इथेच माझा मुख्य आक्षेप आहे. माफी ही उत्तर मागते. "प्लीज राग मानू नका" असं लिहिलं की समोरच्याला "अरे राग कसला, काही हरकत नाही, कामं असतात" असं लिहावंच लागतं, नाही लिहिलं तर राग आहे असा अर्थ होतो. म्हणजे ज्या माणसाला आपण काहीतरी द्यायला निघालो होतो, त्यालाच आपण आपली समजूत काढायच्या कामाला लावलं. रिटायर झालेल्या माणसाला पहिले काही महिने तसेही सोपे नसतात, सकाळी डबा भरायचा नाही, साडेनऊला बस पकडायची नाही, पेन्शनच्या कागदांचं काय झालं याची धाकधूक, आणि त्यात दर दोन दिवसांनी कुणीतरी माफी मागतंय आणि आपण बसून "नाही रे बाबा" लिहितोय. दुसरं असं की माफीने न झालेला अपमान झाल्यासारखा होतो. त्या दिवशी हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती, मॅडमच्या लक्षातही नसेल की हा मुलगा नव्हता. तीन ओळींची माफी वाचल्यावर मात्र पक्कं लक्षात येतं.

आपल्या लोकांना उशिराचं इतकं वावडं कधीपासून झालं हाही प्रश्न विचारायला हवा, कारण आपली जुनी रीत अशी नाही. संक्रांतीचा तिळगूळ आपण रथसप्तमीपर्यंत देतो, हळदीकुंकू तोपर्यंत चालतं, आणि रथसप्तमीच्या दिवशी तिळगूळ घेऊन आलेली बाई दारात उभी राहून संक्रांतीलाच का आले नाही याचा खुलासा देत नाही, ती तिळगूळ घ्या म्हणते आणि आत येते. दिवाळीला राहिलेलं भेटणं तुळशीच्या लग्नापर्यंत होतं. कुणाच्या घरी दुःखद घटना घडली आणि आपण परगावी होतो तर महिन्याने भेटायला जातो, "कळलं तेव्हा बाहेर होतो" एवढं बोलतो आणि मग गेलेल्या माणसाबद्दल बोलतो. त्या घरात जाऊन पहिली दहा मिनिटं स्वतःच्या न येण्याबद्दल बोलणारा माणूस सगळ्यांनाच नकोसा होतो. या सगळ्या रीतींमध्ये एक शहाणपण आहे, माणसं एका दिवशी सगळीकडे पोचू शकत नाहीत हे गृहीत धरून समाजाने थोडी मोकळी जागा ठेवलेली आहे. नोकरी सोडणाऱ्या किंवा रिटायर होणाऱ्या माणसासाठी अशी जागा अजून ठरलेली नाही, कारण ही गोष्टच तुलनेने नवीन आहे, पण म्हणून ती आपण ठेवू नये असं कुठे आहे?

जुन्या पत्रव्यवहाराचा जरा विचार करा. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळराव इकडेच राहिले, तेही पोस्टात नोकरी करणारे, म्हणजे टपालाला किती दिवस लागतात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या काळात दूर गेलेल्या माणसाला लिहिलेला प्रत्येक शब्द उशिराच पोचायचा, काही आठवडे मधे गेलेलेच असायचे, आणि लिहिणारा आणि वाचणारा दोघंही ते धरूनच चालायचे. उशीर हा रस्त्याचा होता. आज रस्ता शून्य सेकंदांचा झाला म्हणून सगळा उशीर आपल्या अंगावर आला, असं आपण मानून बसलोय. पण मेसेज पोचायला लागणारा वेळ कमी झालाय, माणसाला एखाद्याबद्दल नेमकं काय वाटतं हे उमगायला लागणारा वेळ काही कमी झालेला नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला दुसऱ्या देशातलं सापडतं. फ्रेंच लेखक अल्बेर काम्यू यांना १९५७ साली नोबेल जाहीर झालं ते ऑक्टोबरमध्ये. त्यांनी लहानपणी अल्जियर्समध्ये शिकवणाऱ्या आपल्या प्राथमिक शाळेच्या मास्तरांना, लुई जेर्मेन यांना, पत्र लिहिलं ते १९ नोव्हेंबरला. शाळा सुटून तेव्हा तीसेक वर्षं झालेली, आणि बातमी येऊनही महिना उलटलेला. पत्राच्या सुरुवातीला ते एवढंच सांगतात की आजूबाजूचा गलबला जरा शांत होऊ दिला आणि मग तुम्हाला मनापासून लिहायला बसलो. पुढे लगेच, बातमी कळल्यावर आईनंतर पहिला विचार तुमचा आला, तुम्ही त्या गरीब पोराला हात दिला नसतात तर यातलं काही झालं नसतं. वेळ का लागला हे एका वाक्यात आलं, त्यात माफी नाही, आणि तेवढ्याने तो वेळ मास्तरांच्या मानाचा झाला. घाईत लिहिलं नाही, तुमच्यासाठी शांत वेळ ठेवला, असा त्याचा अर्थ होतो. कुणी म्हणेल काम्यूचं ठीक आहे, आपण कुठे. पण यात नोबेलचा काय संबंध, त्या पत्राची रचना कुणालाही वापरता येण्यासारखी आहे. एक वाक्य वेळेबद्दल, बाकी सगळं समोरच्या माणसाने नेमकं काय केलं याबद्दल.

तर मग मी त्या सहकाऱ्याला विचारलं की मॅडमची आठवण तुला नेमकी कधी झाली, ऑगस्टमध्येच का. तो म्हणाला, वेतनवाढीच्या नोंदी चालल्या होत्या, आमच्यातल्या बऱ्याच जणांची वेतनवाढ १ जुलैची, तेव्हा त्याचं सेवापुस्तक बाहेर काढलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सेवापुस्तक म्हणजे सरकारी नोकराचा सगळा जन्म त्यात असतो, रुजू झाल्यापासूनची प्रत्येक वेतननिश्चिती, रजा, बदली, आणि दरवर्षीची सेवा पडताळणी. मधली एखादी पडताळणी राहिली तर कुणाच्या लक्षात येत नाही, वीस-पंचवीस वर्षांनी पेन्शनची केस तयार करताना येते, आणि तोपर्यंत जुन्या ऑफिसातली हजेरीपत्रकं, पगारपत्रकं कुठल्या गठ्ठ्यात गेली हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. या मुलाची आधीच्या ऑफिसातल्या दोन वर्षांची पडताळणी अशीच राहिली होती. मॅडमनी ते पाहिलं, तिकडे पत्र पाठवलं, स्मरणपत्रं पाठवली, फोन केले, आणि नोंद करून घेतली. त्याला कधी बोलून दाखवलं नाही. नोंदीखाली सही अर्थातच कार्यालय प्रमुखांची, पण अक्षर मॅडमचं. ते अक्षर बघून त्याला आठवण झाली. हे सगळं त्याला माहीत होतं आणि मेसेजमध्ये यातला एक शब्द नव्हता, कारण जागा माफीने खाल्ली होती.

शेवटी त्याने पाठवलं ते असं. "नमस्कार मॅडम. मागच्या आठवड्यात वेतनवाढीसाठी माझं सेवापुस्तक काढलं होतं. आधीच्या ऑफिसातल्या दोन वर्षांची सेवा पडताळणी तुम्ही पाठपुरावा करून आणली होती, त्या पानावर तुमचं अक्षर दिसलं. तुम्ही ते तेव्हा पाहिलं नसतं तर मला ते थेट रिटायर होताना कळलं असतं. ३१ मेला मी गावी होतो, समोर सांगायचं राहिलं, म्हणून आता लिहितोय. तुमचं प्रलंबित नोंदींचं रजिस्टर नवीन मॅडमनी तसंच चालू ठेवलंय. तुम्ही आणि सर मजेत असाल. कधी इकडे आलात तर आमच्या शाखेत चहाला या." उशिराबद्दल एक वाक्य आहे, पण ते माहितीचं वाक्य आहे, त्याला उत्तराची गरज नाही. मॅडमचं उत्तर आलं तेही बघण्यासारखं आहे. त्यांनी आधी नातवाबरोबरचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, बरं वाटलं वाचून, आणि गट विम्याची नोंद त्याच पानामागे आहे ती पूर्ण आहे का बघून घे. माफीच्या मेसेजला हे उत्तर आलं असतं का? त्याला "अरे काही हरकत नाही" आलं असतं आणि विषय संपला असता.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे, कारण त्यातले काही खरंच भक्कम आहेत. पहिला असा की निरोप हा त्या दिवशीच देण्यात अर्थ असतो, कारण तो चारचौघांत असतो. हे मला पूर्ण मान्य आहे. सेंड-ऑफला पहिल्या रांगेत नवरा, मुलं, सून बसलेली असतात, आणि आपली आई ऑफिसात कोण होती हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. हे काम उशिराचा मेसेज करू शकत नाही, कितीही चांगला लिहिला तरी नाही. पण यावरून मेसेज करू नये हे कसं निघतं? यावरून एवढंच निघतं की उशिराच्या निरोपाने त्या समारंभाची नक्कल करू नये. म्हणूनच तो ग्रुपवर टाकू नये, "पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा" लिहू नये, कारण वाटचाल सुरू होऊन अडीच महिने झालेत, बुके आणि फुलांची चित्रं टाकू नयेत. त्या दिवशीच्या भाषणांना एक मर्यादा असते जी आपण बोलत नाही, ती अंदाजाने केलेली असतात. तुमची उणीव भासेल, असं प्रत्येक जण म्हणतो, आणि खरंच भासेल का हे कुणालाच माहीत नसतं. उशिरा लिहिणाऱ्याला ते माहीत असतं. कुठलं काम अडलं, कुठलं रजिस्टर सापडेना, कुठली सवय तुमच्यामुळे सगळ्यांना लागली, हे त्याने पाहिलेलं असतं. ही माहिती ३१ मेला कुणाकडेच नव्हती.

दुसरा आक्षेप सगळ्यात कडक आहे आणि मला त्याचं उत्तर सहज देता येत नाही. बऱ्याच महिन्यांनी जुन्या ऑफिसातल्या माणसाचा मेसेज आला की वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, काय काम निघालं असेल. आणि तो प्रश्न अनुभवातून आलेला असतो, कुणाला पॉलिसी विकायची असते, कुणाला ओळख हवी असते, कुणाला जुन्या फाईलचा क्रमांक हवा असतो. ही शंका खोटी म्हणून झटकता येणार नाही. पण बघा, माफीने ही शंका जाते का? उलट वाढते, कारण काम काढणारा माणूसच सुरुवातीला भरपूर सॉरी म्हणतो. शंका जाते ती एकाच गोष्टीने, मेसेज संपेपर्यंत काही मागितलेलं नसणं. म्हणून हा नियम मी फार कडक धरतो, निरोपाच्या मेसेजमध्ये काहीही विचारायचं नाही, फाईल नाही, नंबर नाही, "एक छोटंसं काम होतं" नाही. काम खरंच असेल तर ते आधी उघडपणे काम म्हणून विचारावं आणि निरोप नंतर कधीतरी वेगळा द्यावा. दोन्ही एकत्र केलं की निरोप हा कामाचा मुलामा होतो, आणि वाचणाऱ्याला ते अचूक कळतं.

तिसरा मुद्दा संस्कारांचा. मोठ्या माणसाला उशिरा लिहायचं आणि क्षमा मागायची नाही, हा उद्धटपणा नाही का, असं ग्रुपवरच्या ज्येष्ठांनी विचारलं. त्यांचा हेतू चांगला होता. पण मान कशात असतो याचा विचार करा. नमस्कार लिहिण्यात असतो, तुम्ही म्हणण्यात असतो, घरच्यांची विचारपूस करण्यात असतो, आणि सगळ्यात जास्त, त्यांनी केलेलं काम नीट लक्षात ठेवून तपशिलासकट सांगण्यात असतो. ज्याला तपशील आठवतो त्याने मान दिलेलाच आहे. सॉरी लिहायला काही आठवावं लागत नाही.

माझ्या म्हणण्याला मर्यादा आहेत आणि त्या मला सांगायला हव्यात, नाहीतर उद्या कोणीतरी याचा आधार घेऊन खरी माफीही टाळेल. राहून जाणं वेगळं आणि दुखावणं वेगळं. तुम्ही त्या दिवशी भाषण करायचं कबूल केलं होतं आणि आला नाहीत, वर्गणी गोळा केली आणि भेटवस्तू पोचवलीच नाही, तुम्ही त्यांचे साहेब होतात आणि शेवटच्या दिवशी केबिनबाहेरही आला नाहीत, त्यांचा पेन्शनचा कागद तुमच्या टेबलावर अडकून राहिला, तर तिथे माफी मागावीच लागते आणि ती स्वतंत्र मागायला हवी, सरळ, निरोपाच्या गोड वाक्यांत लपवून नाही. जो माणूस भांडून बाहेर पडला किंवा ज्याला काढलं, त्याच्याशी तुमचं वैयक्तिक नातं चांगलं नसेल तर तुमचा निरोप त्याला नकोच असण्याची शक्यता जास्त आहे, तिथे गप्प राहावं. आणि उशीर किती चालतो याचंही एक टोक आहे. वर्ष उलटल्यावर तो निरोप राहत नाही, तेव्हा त्याला निरोपाचं रूप देऊही नये, "तुम्ही गेलात तेव्हा" वगैरे न म्हणता सरळ आठवण म्हणून पत्र लिहावं.

एक टोक मात्र असं आहे की त्याच्या पलीकडे काहीच करता येत नाही. आगरकर १८८७ साली 'केसरी'तून बाहेर पडले, दुसऱ्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला, आणि पुढची काही वर्षं टिळक आणि ते एकमेकांविरुद्ध कडाडून लिहीत राहिले. १७ जून १८९५ ला आगरकर गेले, वय अवघं ३८. त्यानंतर टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला, एके काळच्या सोबत्याची योग्यता सांगणारा. तो महाराष्ट्राने वाचला. ज्याच्याबद्दल होता त्याला वाचता आला नाही. त्यांचे मतभेद खरे होते आणि मोठे होते, त्यांची आपल्या ऑफिसच्या सेंड-ऑफशी बरोबरी करायची नाहीये मला, पण उशीर आणि अशक्य यांच्यातला फरक यापेक्षा स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही. अडीच महिने, सहा महिने, हा नुसता उशीर आहे. माणूस आहे, नंबर आहे, चष्मा लावून वाचणार आहे. "आता वेळ निघून गेली" असं म्हणणारे लोक या दोन गोष्टी एकच समजतात.

राहिला शेवटचा प्रश्न जो त्या मुलाने पाठवायच्या आधी मला विचारला होता, की उत्तर आलंच नाही तर. नाही आलं तर नाही आलं. दुसरा मेसेज करायचा नाही, "मॅडम बघितलंत का" नाही, आणि आता तरी सॉरी म्हणून टाकू असं वाटून ते तर मुळीच नाही. कितीतरी निवृत्त लोक मेसेज वाचतात, घरच्यांना वाचून दाखवतात आणि उत्तर टाईप करायचा कंटाळा करतात, किंवा नुसता नमस्काराचा हात टाकतात. ज्या मेसेजने काही मागितलंच नव्हतं त्याला उत्तर न येण्यात काही अडलेलं नसतं, आणि मागितलं असेल, एक छोटीशी क्षमासुद्धा, तर मात्र तुम्ही रोज फोन उघडून बघत बसाल.